पाईप किती खोल, किती अंतरावर: आमच्या क्षारपड रानाचा हिशोब

शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात भूमिगत निचऱ्याचा, म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून साठलेलं पाणी बाहेर काढायचा, विषय निघाला की एक आकडा हमखास ऐकू येतो: पाईप सव्वा मीटर खोल आणि दोन पाईपांत पंचवीस मीटर अंतर. आमच्या भागातल्या खोल काळ्या रानांचा अनुभव या आकड्यामागं आहे, त्यामुळं तो बहुतेक ठिकाणी लागूही पडतो. आमच्या चार एकराच्या तुकड्यात मात्र तीन भागांना हा आकडा बसला आणि चौथ्या भागाला बसला नाही. का बसला नाही, ते आम्हाला पाईप टाकायच्या आधी कळलं आणि त्यामुळं पुढचा सगळा खर्च योग्य जागी पडला. निचरा करायच्या विचारात असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी रानाची माहिती. पूर्व-पश्चिम दोनशे मीटर लांब, उत्तर-दक्षिण ऐंशी मीटर रुंद. जमीन खोल काळी. पूर्वेच्या बांधाला लागून नाला आहे आणि तो पुढं ओढ्याला मिळून कृष्णेत जातो. उपसा योजनेचं पाणी आल्यापासून वडिलांनी वर्षानुवर्षं ऊस घेतला, तोही पाटपाण्यावर. पाणी दिलं की ऊस वाढतो, हे खरं. पण मुळांना लागेल त्याहून जास्त गेलेलं पाणी खाली उतरून साठत राहतं आणि आमच्या सपाट रानात त्याला बाजूला सरकायला वाट नाही. भूजल पातळी दरवर्षी थोडी थोडी वर आली. पाणी वर आलं की त्यातलं मीठही येतं. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरी मीठफुटी दिसायला लागली, उसाची उगवण विरळ झाली आणि शेवटी पूर्वेकडच्या पट्ट्यात लव्हाळ्याशिवाय काही टिकेना. पाऊस संपल्यावर तिथं हातभर खड्डा काढला की तळाला पाणी दिसायचं.

आमच्या भागातल्या निचऱ्याची कामं पाहणारे एक साहेब पहिल्यांदा रानात आले, तेव्हा त्यांनी मातीकडं पाहिलंच नाही. थेट नाल्यावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, आधी हे सांगा, पाणी कुठं सोडणार?"

हा प्रश्न सगळ्यात आधी का, हे लेव्हल घेतल्यावर कळलं. दुर्बीण लावून स्टाफवर, म्हणजे आकडे असलेल्या उभ्या पट्टीवर, आकडे घेतले. पश्चिमेकडून नाल्याकडं दोनशे मीटरला रानाचा उतार फक्त तीस सेंटिमीटर निघाला, म्हणजे ०.१५ टक्के. नाल्याचा तळ पूर्व बांधाच्या पातळीपेक्षा जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर खाली होता. त्यात गाळ, बेशरम, पाणकणीस आणि फूटभर तुंबलेलं पाणी. म्हणजे पाण्याची पातळी रानापासून एक मीटर दहावर. पाईपचं तोंड या पातळीच्या वर असायलाच हवं, नाहीतर पाणी बाहेर पडण्याऐवजी पाईपमध्येच उभं राहतं. मुख्य पाईप नव्वद सेंटिमीटरवर बाहेर काढला, तर रानातलं पाणी गोळा करून त्याला वरून येऊन मिळणारे आडवे सच्छिद्र पाईप, म्हणजे लॅटरल, सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरवरच राहिले असते. म्हणजे रानातलं पाणी जेवढं खाली न्यायचं होतं, तेवढ्यावरच पाईप! दोन पाईपांच्या मधोमध पाणी नेहमी पाईपपेक्षा वरच उभं असतं, हे पुढं येईलच. असा निचरा करून काहीच साधलं नसतं.

खोली ठरवताना लोक मातीचा आणि पिकाचा विचार करतात. माझ्या मते आमच्यासारख्या सपाट रानात खोली आधी नाला ठरवतो. दोन वाटा होत्या. एक म्हणजे रानाच्या कोपऱ्यात विहिरीसारखा हौद बांधून तिथून पाणी पंपानं उचलून नाल्यात टाकायचं. आमच्याकडं वीज कधी दिवसा, कधी रात्री. मोटार बंद राहिली की पाणी परत चढणार, म्हणून ती वाट नको वाटली. दुसरी वाट नाला खाली नेण्याची. पण फक्त आपल्या बांधापुरता नाला खोल करून उपयोग नसतो, तिथं नुसतं डबकं होतं. खालच्या ओढ्यापर्यंत सलग उतार मिळेपर्यंत उकरावा लागतो. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी बोलायला तात्या माझ्यासोबत आले. त्यांच्या शब्दाला गावात मान आहे आणि पाणथळ रान त्यांचंही होतंच. सगळ्यांनी मिळून पोकलेन लावला. आमच्या बांधापाशी नाल्याचा तळ दोन मीटरवर गेला आणि वाहतं पाणी एक मीटर पंचाहत्तरवर आलं.

आता खोली मांडता आली. वाहत्या पाण्याच्या तीस सेंटिमीटर वर, म्हणजे एक मीटर पंचेचाळीसवर मुख्य पाईपचं तोंड. मुख्य पाईप दक्षिणेच्या बांधाकडेनं दोनशे मीटर. त्याला ०.१५ टक्के उतार दिला. रानाचा उतारही तेवढाच असल्यानं सगळीकडं खोली सारखी राहिली. लॅटरल उत्तरेकडून येऊन मुख्य पाईपला दहा सेंटिमीटर वरून मिळतात, म्हणजे खालच्या टोकाला ते एक मीटर पस्तीसवर. लॅटरलला ०.२ टक्के उतार, ऐंशी मीटरला सोळा सेंटिमीटर, म्हणून वरच्या टोकाला ते एक मीटर एकोणीसवर. सरासरी काढली तर सव्वा मीटरच! गावातला तोंडपाठ आकडा आमच्या रानात असा हिशोबानं आला.

खोली झाली, आता अंतर. पाणी मातीतून आडवं सरकत पाईपपर्यंत येतं. पाईपजवळ पातळी खाली असते आणि दोन पाईपांच्या मधोमध सगळ्यात वर. मधला हा उंचवटा म्हणजे पाण्याचा फुगवटा. पिकाला त्रास होतो तो मधल्या उंचवट्यावर. मधोमध पाणी पंचाहत्तर सेंटिमीटरच्या खाली राहावं, असं आम्ही धरलं. उसाच्या मुळांचा मुख्य पसारा त्याच्या वरच असतो. पाईप सव्वा मीटरवर म्हणजे फुगवट्याची उंची जास्तीत जास्त अर्धा मीटर.

हा फुगवटा किती उंच राहील, ते माती पाणी किती वेगानं सोडते त्यावर अवलंबून असतं. तो वेग मोजण्यासाठी ऑगरनं, म्हणजे जमीन पोखरायच्या गिरमिटानं, पाडलेल्या छिद्राची चाचणी करतात. आम्ही ती ऑक्टोबरात केली. छिद्रातलं पाणी मोजायचं तर भूजल वर असायला हवं, उन्हाळ्यात ही चाचणी होत नाही. हातानं फिरवायच्या ऑगरनं आठ सेंटिमीटर व्यासाचं, एक मीटर ऐंशी खोल छिद्र पाडलं. पाणी चढून स्थिर होईपर्यंत थांबलो. ते चाळीस सेंटिमीटरवर स्थिरावलं. मग बारीक नळकांड्यानं पाणी उपसलं आणि परत भरू दिलं, परत उपसलं. काळ्या मातीत ऑगर फिरताना भिंतीवर चिकण लिंपली जाते आणि छिद्रं बुजतात. दोन-तीनदा उपसल्यावर ती मोकळी होतात, म्हणून पहिल्या उपशाचा आकडा धरत नाहीत. नंतर पातळी सत्तर सेंटिमीटरनं खाली नेऊन, तरंगत्या बुचाला बांधलेल्या टेपवर मिनिटामिनिटाला आकडे लिहिले.

रानाच्या पश्चिम आणि मधल्या भागातल्या बहुतेक छिद्रांत पाणी मिनिटाला साधारण चार सेंटिमीटर चढत होतं. छिद्राचा व्यास आणि खोली धरून हिशोब केला की मातीची पाणी वाहण्याची क्षमता दिवसाला ०.२ मीटर येते. एका छिद्रात पाणी भसकन वर आलं. ते नक्कीच एखाद्या भेगेत पडलं होतं. साहेबांनी तो आकडा बाजूला काढला. "असला एक आकडा सरासरीत धरला की पाईप लांब लांब पडतात," म्हणाले, "मग मधला पट्टा पाण्यातच राहतो."

पूर्वेच्या पन्नास मीटर पट्ट्यात, जिथं फक्त लव्हाळा होता, तिथं पाणी मिनिटाला दोन सेंटिमीटरच चढत होतं. उपसलेलं पाणी गढूळ होतं आणि ते तसंच गढूळ राहिलं. मातीचा पीएच साडेआठच्या वर निघाला. म्हणजे हा भाग नुसता क्षारपड नव्हता, चोपण होता. सोडियमनं मातीचे कण सुटे होऊन तिची छिद्रं बुजलेली होती.

आणखी एक गोष्ट मोजावी लागते: पाणी खाली कुठवर जाऊ शकतं. ऑगरला जोड लावत तीन मीटरपर्यंत गेलो, तेव्हा चुनखडीचे खडे असलेला पिवळट, घट्ट थर लागला आणि ऑगर फिरेना. पाईपच्या खाली पावणेदोन मीटर माती पाणी वाहायला मोकळी होती. हा थर वर असता, तर पाण्याला सरकायला जागा कमी मिळाली असती आणि पाईप जवळ आणावे लागले असते.

या सगळ्याला एकत्र बांधणारं सूत्र हूगहाउट या डच शास्त्रज्ञानं १९४० साली मांडलं आणि आजही ते जगभर वापरतात:

```
L² = (8·K·d·h + 4·K·h²) / q
```

L म्हणजे दोन पाईपांतलं अंतर. K म्हणजे छिद्राच्या चाचणीतून काढलेला मातीचा पाणी सोडायचा वेग, दिवसाला मीटरमध्ये. h म्हणजे मधोमधचा फुगवटा. d म्हणजे पाईपखालच्या मातीची हिशोबात धरायची जाडी. ही प्रत्यक्ष जाडीपेक्षा कमी धरतात, कारण पाईपजवळ पाणी चहूबाजूंनी एका अरुंद तोंडाकडं येतं आणि तिथं त्याला जास्त अडथळा होतो. q म्हणजे दिवसाला किती पाणी बाहेर काढायचं, आम्ही दोन मिलिमीटर, म्हणजे सूत्रात ०.००२ मीटर धरलं. d स्वतः अंतरावर अवलंबून असतो, म्हणून आधी एक अंतर धरायचं, d काढायचा, नवं अंतर काढायचं आणि दोन्ही जुळेपर्यंत फिरवायचं. आमच्या आकड्यांना दोन-तीन फेऱ्यांत ते जुळलं: d सुमारे १.२ मीटर आणि अंतर चोवीस मीटर. पश्चिमेच्या दीडशे मीटरला पंचवीस मीटरनं बरोबर सहा लॅटरल बसत होते, तेच घेतले. पहिला लॅटरल बांधापासून अर्ध्या अंतरावर, साडेबारा मीटरवर, कारण बांधापलीकडं त्याला जोडीचा पाईप नसतो.

चोपण पट्ट्यात वेग निम्मा, ०.१. तिथं हेच सूत्र सोळा मीटर सांगतं. वेग निम्मा झाला म्हणून अंतर निम्मं होत नाही, कारण अंतराचा वर्ग येतो. पण एक तृतीयांशानं कमी होतं. पन्नास मीटरच्या पट्ट्यात आम्ही तीन लॅटरल घातले. तिथं पंचवीस मीटर ठेवलं असतं तर दोनच बसले असते आणि मधला पट्टा पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आत ओलाच राहिला असता.

खोली आणि अंतर हा एकच निर्णय आहे, हे मला याच हिशोबात नीट दिसलं. साहेबांना मुद्दाम विचारलं, "नाला खाली गेला नसता आणि पाईप एक मीटरवरच टाकावे लागले असते, तर?" त्यांनी तिथंच कागदावर मांडून दाखवलं. मधोमध तेच पंचाहत्तर सेंटिमीटर हवं असेल तर फुगवट्याला फक्त पाव मीटर जागा उरते. त्याच मातीत अंतर पंधरा-सोळा मीटरवर येतं. उलट दीड मीटर खोल जाता आलं, तर तीस मीटर चालतं. एकरी पाईपच्या लांबीत हा फरक मोठा आहे: पंचवीस मीटरला एकरी एकशे साठ मीटर पाईप, पंधरा मीटरला दोनशे सदुसष्ट. नाला खोल करायला जो पैसा आणि जी धावपळ लागली, ती या शंभर मीटर पाईपमध्ये परत मिळाली. शिवाय खालच्या शेतकऱ्यांनाही वाट झाली. फार खोल जाणंही बरं नसतं. दीड मीटरच्या खाली आमच्या मातीत चर ढासळायला लागतो, काम जोखमीचं होतं आणि उसाला लागणारं पाणीही जास्त निघून जातं.

काम मे महिन्यात काढलं. तेव्हा भूजल सगळ्यात खाली असतं आणि रान मोकळं असतं. खोदाई नाल्याकडून सुरू केली. आधी तोंड, मग मुख्य पाईप, मग लॅटरल. वरून सुरुवात केली तर चरात झिरपणारं पाणी जायला वाट नसते, चर भरतो, कडा ढासळतात आणि पोकळ पाईप पाण्यावर तरंगून वर येतो. खालून सुरू केल्यावर पाणी पुढच्या पाईपमधून आपोआप निघून जात होतं.

लॅटरल म्हणजे ऐंशी मिलिमीटरचा पन्हाळीदार सच्छिद्र प्लास्टिक पाईप, त्याच्यावर कारखान्यातच गुंडाळलेलं जिओटेक्सटाईल कापड. पूर्वी परदेशात याच कामाला भाजलेल्या मातीचे नळे टाकायचे. चांगल्या चिकण काळ्या जमिनीत कापडाशिवायही चालतं, असं काही जण म्हणतात. आमच्या चोपण पट्ट्यात मात्र मातीचे कण पाण्यात सुटे होतात, ते कापडाशिवाय थेट पाईपमध्ये गेले असते. म्हणून सगळीकडं कापडाचाच पाईप घेतला. मुख्य पाईप एकशे साठ मिलिमीटरचा, बिनछिद्राचा. बांधावर मोठी बाभूळ आहे, तिच्याजवळून जाणाऱ्या लॅटरललाही तेवढ्या भागात बिनछिद्राचा पाईप जोडला, कारण मुळं ओलाव्याच्या वासानं छिद्रांतून आत शिरतात आणि आत गच्च जाळं करतात.

खरी काळजी उताराची. ऐंशी मीटरला सोळा सेंटिमीटर म्हणजे दहा मीटरला दोन सेंटिमीटर. डोळ्याला हे दिसतच नाही. पोकलेनवाला हुशार होता, पण तो यंत्रावर बसून अंदाज घेतो. म्हणून दर पाच मीटरला चराच्या तळावर स्टाफ उभा करून दुर्बिणीतून आकडा घेतला. जिथं तळ जास्त खाली गेला, तिथं माती टाकून, पायानं दाबून परत घेतला. पाईप एखाद्या ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटर खाली दबला तरी तिथं पाणी उभं राहतं, गाळ बसतो आणि काही वर्षांनी तिथंच पाईप बुजतो. वरून काहीच दिसत नाही, म्हणून चर उघडा असतानाच हे पाहावं लागतं. पाईप ठेवल्यावर लगेच हातानं त्याच्यावर वीतभर चुरा माती टाकली, मग यंत्रानं चर बुजवला. ढेकळं थेट पाईपवर पडली तर पाईप चेपतो आणि सरकतो.

लॅटरल मुख्य पाईपला मिळतात तिथं काही ठिकाणी सिमेंटच्या कड्यांचे चेंबर केले. प्रत्येक जोडावर चेंबर केला असता तर बरंच झालं असतं, पण खर्च पाहून एक सोडून एक केला. चेंबरचा तळ मुख्य पाईपच्या तीस सेंटिमीटर खाली ठेवला, म्हणजे गाळ तिथं बसतो आणि काढता येतो. नाल्याकडचा शेवटचा पाच मीटर पाईप जाड, बिनछिद्राचा, तोंडाला जाळी. बेडूक आणि उंदीर पाईपात शिरून अडकतात, हे शेजारच्या गावात पाहिलेलं होतं. तोंडाला झडपही बसवली. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचा पूर आमच्या रानावर आला होता. तेवढा पूर आला तर निचरा थांबतोच, त्याला उपाय नाही. पण नाला फुगल्यावर उलटं पाणी आणि गाळ पाईपात शिरू नये, एवढं झडप करते.

दोन लॅटरलच्या मधोमध आणि एका लॅटरलपासून फूटभर अंतरावर दीड मीटरच्या छिद्र पाडलेल्या पीव्हीसी नळ्या उभ्या पुरल्या. काठीला टेप बांधून त्यातलं पाणी मोजतात. हे करण्यात कंजुषी करू नये, असं मी ठामपणे सांगेन. निचरा नीट चालतो का, आणि चालत नसेल तर कुठं अडलं, ते याच नळ्या सांगतात. मधोमधची पातळी वर आहे आणि पाईपजवळची खाली, तर पाईप ठीक आहे. माती पाणी सोडत नाही किंवा अंतर जास्त पडलं. दोन्हीकडं पातळी वर आहे आणि तोंडातून पाणी कमी येतंय, तर पाईप बुजला, दबला किंवा कापडावर चिकण बसली. दोन्हीकडं वर आणि नाल्यात पाणी तोंडाच्याही वर, तर दोष पाईपचा नाही, नाला तुंबला आहे. तिन्हींचे उपाय वेगळे. नळी नसेल तर माणूस अंदाजानं रान उकरत बसतो.

पावसाळा संपल्यावर पहिल्यांदा नीट मोजलं. तोंडाखाली पंधरा लिटरची बादली धरली, ती चाळीस सेकंदांत भरली. चार एकराला दिवसाला दोन मिलिमीटर म्हणजे बत्तीस हजार लिटर, सेकंदाला एक तृतीयांश लिटरच्या जरा वर. आकडा हिशोबाला धरून आला. जोराच्या पावसानंतर प्रवाह याच्या कितीतरी पट होता आणि नंतर ओसरत गेला, तेही अपेक्षितच. पश्चिमेच्या नळ्यांत मधोमध पाणी पाऊणच्या खाली गेलं, पाईपजवळ सव्वा मीटरच्या आसपास. पूर्वेच्या पट्ट्यात मात्र जवळच्या नळीत पाणी खाली आणि मधल्या नळीत पन्नास सेंटिमीटरवर अडकलेलं. तात्या म्हणाले, "अरे, इथं पाईप जवळ घालूनपण काय उपयोग झाला नाही की."

उपयोग व्हायचा होता. वर सांगितलेल्या खुणेनं पाहिलं तर पाईपचा दोष नव्हता, मातीच पाणी सोडत नव्हती. चोपण जमिनीत निचरा नुसती वाट करून देतो, सोडियम तिथंच राहतो. त्यासाठी माती परीक्षणाप्रमाणं जिप्सम टाकावं लागतं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतो, हटलेला सोडियम पाण्यात उतरतो आणि ते पाणी पाईपातून बाहेर जातं. जिप्सम पसरून वरच्या थरात मिसळलं, ताग पेरून फुलोऱ्यात गाडला आणि मग वाफे बांधून पाणी साठवलं. पाईप टाकल्यावर मीठ आपोआप जातं, असं काही जणांना वाटतं. वरून पाणी दिल्याशिवाय ते जात नाही. एका गोष्टीचं मात्र भान ठेवावं लागतं: बुजवलेल्या चरांवर लगेच पाणी उभं करू नये. ती माती अजून भुसभुशीत असते, पाणी तिच्यातून थेट पाईपात घुसतं आणि सोबत माती नेतं. चरांची माती एक पावसाळा बसू दिली आणि साठवणीच्या वाफ्यांचे बांध चरांपासून दूर घेतले.

तोंडातल्या पाण्याची ईसी, म्हणजे त्यात मीठ किती ते दाखवणारा आकडा, दर महिन्याला मोजतो. सुरुवातीला ते पाणी जिभेला सरळ खारट लागायचं, आता तसं लागत नाही. तरी ते पाणी कुणी परत पिकाला देऊ नये, हे नाल्याच्या खालच्या अंगाला सगळ्यांना सांगून ठेवलंय. ईसी कमी होत गेली म्हणजे मीठ बाहेर जातंय. प्रवाह चालू असूनही ती जागेवरच अडली, तर कुठंतरी वाफ्यांतून पाणी न मुरता बाजूनं पाईपात जातंय, असं समजायचं. उन्हाळ्यात पाणी टंचाई असते तेव्हा चेंबरमधला पाईप बुचानं बंद करून पातळी धरून ठेवता येते. आम्ही पश्चिमेच्या भागात लागणीच्या काळात तसं करतो. पूर्वेच्या पट्ट्याचे लॅटरल मात्र बारमाही उघडे ठेवलेत, कारण रिकाम्या, तापलेल्या रानात मीठ सगळ्यात जोरात वर चढतं. काळ्या मातीत ओल केशनळ्यांतून मीटरभरही वर येऊ शकते.

पश्चिमेच्या भागात पुन्हा उसाची सलग उगवण आहे. पूर्वेच्या पट्ट्यात मधल्या नळीतलं पाणी पन्नासवरून पासष्टवर उतरलंय. जिप्समचा दुसरा हप्ता यंदा टाकायचा आहे, आणि पंचाहत्तर गाठेपर्यंत तिथं ऊस लावायचा नाही, असं ठरवलंय. सध्या तिथं क्षार सोसणारं पीक म्हणून बीट आहे.

पश्चिमेच्या अंगाचे शेजारी आता त्यांचं रान जोडायला तयार झालेत. मुख्य पाईप एकशे साठचा घेतला, तो यासाठीच. दिवसाला दोन मिलिमीटरनं, थोडी जागा राखून, तो कागदावर चाळीसेक एकर ओढू शकतो. त्यांच्या रानाचा उतारही नाल्याकडंच आहे, त्यामुळं आमच्या पश्चिम टोकाला एक मीटर पंचेचाळीसवर असलेला पाईप तसाच ०.१५ टक्क्यांनी पुढं नेता येईल. त्यांना मी एवढंच सांगितलंय की अंतर आमच्याकडून उचलू नका, ऑक्टोबरात तुमच्या रानात छिद्रं पाडू आणि आकडा काय येतो ते पाहू.